जुना मोबाइल नंबर गेलाय? आधी आधारला जोडलेला नंबर बदला, बाकीची खाती मग

बीडच्या धारूर तालुक्यातल्या एका गावात माझं सेवा केंद्र आहे. मार्च-एप्रिलमध्ये साखर कारखान्यांचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं, ऊसतोडीच्या टोळ्या गावी परततात आणि माझ्या दारात एकाच प्रकारची माणसं दिसू लागतात. कुणाचा फोन उसाच्या फडात पडलेला असतो, कुणाचा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेलेला. कुणी पाच महिने रिचार्जच केलेला नसतो. सगळ्यांचं म्हणणं एकच, "भाऊ, ओटीपी जुन्या नंबरवर जातोय."

गेल्या हंगामानंतर असंच एक जोडपं आलं. त्यांना तात्या आणि काकू म्हणतो. पीएम-किसानची ई-केवायसी राहिलेली, शेतकरी ओळख क्रमांक काढायचा राहिलेला, आणि काकूंचं लाडकी बहीणचं काम ओटीपीवर अडकलेलं. तिथे तर बाईच्या आधारसोबत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागतात, म्हणजे दोन नंबर जागेवर हवेत. यांचा एकही नव्हता. ही दोघं कशी सुटली तेच क्रमाने सांगतो, कारण बहुतेकांची गाठ याच जागी पडलेली असते.

नंबर एका जागी नसतो

लोक म्हणतात, "माझा सरकारी नंबर बदलून द्या." असा एकच नंबर कुठे नसतो. आधारला एक नंबर जोडलेला असतो. पीएम-किसानमध्ये नोंदणीच्या वेळी दिलेला एक असतो. बँकेत खातं उघडताना लिहून दिलेला तिसराच. हे तिन्ही नंबर वेगवेगळे असू शकतात, आणि एका जागी बदलला म्हणून दुसऱ्या जागी आपोआप बदलत नाही.

यातला आधारचा नंबर मात्र बाकीच्यांचा बाप आहे. बहुतेक योजनांच्या खात्यात शिरताना किंवा तिथला नंबर बदलताना "हा माणूस तोच का" हे आधारच्या ओटीपीवरून तपासलं जातं. आणि आधारचा नंबर बदलायला जुना नंबर लागतच नाही, तुमचं बोट किंवा डोळा लागतो. म्हणून आधी आधार. मी पाहिलंय, लोक उलट्या बाजूने सुरुवात करतात. आठवडाभर पोर्टलवर "ओटीपी आला नाही, पुन्हा पाठवा" दाबत बसतात आणि मग माझ्याकडे येतात.

पण आधी जुन्या नंबरला फोन लावा

कुठेही जाण्याआधी दुसऱ्याच्या फोनवरून आपल्या हरवलेल्या नंबरला फोन लावून बघा. काय ऐकू येतं त्यावर पुढचा रस्ता ठरतो.

बेल वाजली आणि कुणीच उचललं नाही, किंवा फोन बंद असल्याचं सांगितलं, तर नंबर अजून तुमचाच असण्याची शक्यता जास्त. नंबर अस्तित्वात नाही असं सांगितलं, तर कंपनीने तो बंद केलाय. आणि भलत्याच माणसाने उचलून "कोण बोलतंय?" विचारलं, तर एक तर फोन त्याच्या हातात आहे, नाही तर तो नंबर आता दुसऱ्याला मिळालाय. शेवटच्या प्रकारात घाई करा. कारण तुमच्या आधारचा ओटीपी त्या माणसाच्या फोनवर वाजतोय.

नंबर असे का जातात, तेही समजून घ्या. प्रीपेड सिमवर ९० दिवस ना फोन, ना मेसेज, ना इंटरनेट आणि शिल्लक २० रुपयांच्या खाली, असं झालं की कंपनी नंबर बंद करू शकते. बंद झाल्यावर आणखी ९० दिवस तो कुणाला देता येत नाही. त्यानंतर तो बाजारात येतो. ऊसतोडीचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. हिशोब तुम्हीच करा. दिवाळीच्या आसपास घरी पेटीत ठेवून गेलेलं सिम गुढीपाडव्यापर्यंत मेलेलं असतं आणि पावसाळ्यात तो नंबर दुसऱ्याच्या खिशात असू शकतो.

नंबर तुमच्या नावावर असेल आणि बंद झालेला नसेल, तर सगळ्यात सोपं काम म्हणजे त्याच नंबरचं दुसरं सिम काढणं. कंपनीच्या दुकानात स्वतः जायचं, ओळखपत्र न्यायचं, थम द्यायचा. फोन चोरीला गेला असेल तर पोलिसांत नोंद करून तिची प्रत जवळ ठेवा. फोन ब्लॉक करायला ती लागते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवली नाही तर उगाच जीव टांगणीला लागतो. असं दुसरं सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर मेसेज येत-जात नाहीत. चोराने तुमच्या नावाने सिम काढून लगेच बँकेचा ओटीपी उचलू नये म्हणून ही अडवणूक आहे. फोन लागतो, पण ओटीपी येत नाही. आमच्याकडे एक पोरगा त्याच दिवशी सिम काढून आला आणि दहा वेळा ओटीपी मागवला. शेवटी पोर्टलनेच त्याला थांबवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्याच वेळी ओटीपी आला.

तात्यांच्या बाबतीत हा रस्ता बंद होता. काकू म्हणाल्या, "आवो भाऊ, त्यो नंबर मुकादमाचा व्हता. उचल देताना त्यानंच सिम दिलं, आमी तेच वापरत आलो." सिम मुकादमाच्या नावावर, म्हणजे दुकानदार तात्यांना त्याचं दुसरं सिम देणार नाही आणि देऊही नये. अशी सिमं आपल्या भागात लई आहेत. भावाच्या नावावरचं, मेव्हण्याच्या नावावरचं, मोबाइलच्या दुकानवाल्याने "चालू करून" दिलेलं. सिम कुणाच्या नावावर आहे ते माहीत नसेल, तर ते तुमच्या नावावर नाही असंच धरून चाला.

आधारला कोणता नंबर आहे ते बघा

हे कुठल्याही स्मार्टफोनवर बघता येतं आणि त्याला ओटीपी लागत नाही. `myaadhaar.uidai.gov.in` उघडा. लॉगिन करू नका. खाली `Check Aadhaar Validity` असं लिहिलेलं दिसेल. तिथे १२ आकडी आधार क्रमांक आणि चित्रातली अक्षरं टाका. समोर वयाचा गट, स्त्री की पुरुष, राज्य, आणि मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतील. बाकीचे आकडे झाकलेले असतात.

या तीन आकड्यांनी अर्धी गोष्ट उलगडते. तात्यांचे शेवटचे तीन आकडे मुकादमाने दिलेल्या सिमचे निघाले. काकूंच्या आधारला तर नंबरच नव्हता. त्या समजत होत्या की त्यांचाही नंबर हरवलाय. पहिल्यांदा आधार काढलं तेव्हा गावात कॅम्प लागला होता, गर्दी होती, मोबाइल एकाच्याच घरात होता, आणि कित्येक बायांच्या फॉर्मवर तो रकाना कोराच राहिला. कधी कधी तीन आकडे असे निघतात की घरात कुणालाच ओळखू येत नाहीत. तो नंबर बहुधा त्या कॅम्पमध्ये मदत करणाऱ्या कुणाचा तरी असतो. त्याला शोधत बसू नका.

दिसणारे आकडे तुमच्या आत्ताच्या चालू नंबरचेच असतील, तर आधारचं काम झालेलंच आहे. मग अडचण फक्त त्या योजनेच्या खात्यात आहे. मधले भाग सोडून खाली 'मग योजनांची खाती' इथे या.

आधार केंद्रावर जाण्याची तयारी

माझ्यासारख्या साध्या सेवा केंद्रात हे काम होत नाही, हे आधीच सांगतो. आमच्याकडे उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, सातबारा हे सगळं होतं. आधारचा मोबाइल नंबर मात्र आधारचं मशीन दिलेल्या केंद्रावर बदलतो. ती केंद्रं काही बँकांच्या शाखांत, मोठ्या पोस्टांत आणि तालुक्याच्या ठिकाणी काही सरकारी कार्यालयांत असतात. `myaadhaar` वरच जवळचं केंद्र शोधायची सोय आहे, पिनकोड टाकला की यादी येते. १९४७ या फुकट नंबरवर फोन करूनही विचारता येतं, मराठीत बोलतात.

यादीत नाव आहे म्हणून गाडीत बसू नका. मशीन चालू आहे का, टोकन किती वाजता देतात, हे आधी कुणाला तरी विचारा. बँकेतल्या केंद्रावर दिवसाला ठराविकच माणसं घेतात, आणि ऑपरेटर एकच असतो. तो रजेवर असेल तर सकाळी सातला येऊन बसलेली माणसंही परत जातात. तात्या-काकूंची पहिली खेप अशीच वाया गेली. दोघांचं जाणं-येणं आणि एक दिवसाचा रोज बुडाला.

सोबत काय न्यायचं? मूळ आधार कार्ड, नवीन सिम घातलेला चालू फोन आणि पैसे. फक्त मोबाइल नंबर बदलायचा असेल तर दुसरा कुठलाही कागद लागत नाही. ना रेशन कार्ड, ना ग्रामपंचायतीचा दाखला, ना जुन्या नंबरचा पुरावा. कुणी मागितलाच तर "फक्त मोबाइल बदलायचाय" एवढं स्पष्ट सांगा. १ ऑक्टोबर २०२५ पासून या कामाची फी ७५ रुपये आहे, त्याआधी ५० होती. दोघांचे १५० झाले. पावतीवर रक्कम छापलेली असते. जास्त मागितले तर पावती दाखवून विचारा, आणि ऐकलं नाही तर १९४७ वर सांगा.

माणूस स्वतः हजर हवा. म्हाताऱ्या आईचं कार्ड घेऊन मुलगा गेला तर काम होणार नाही. जे अंथरुणाला खिळलेत त्यांच्यासाठी पोस्टाची सोय आहे. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन फोन आणि बोटाचं यंत्र घेऊन घरी येऊन आधारचा मोबाइल नंबर बदलून देतात. २०२१ पासून हे चालू आहे. आपल्या गावच्या पोस्टमनकडे ते यंत्र आहे का, हे पोस्टात विचारून घ्या.

नवीन सिम घेताना ते स्वतःच्या नावावर घ्या, एवढं मी प्रत्येकाला बजावतो. घरात एकच फोन असेल तर तोच नंबर नवरा-बायको दोघांच्या आधारला जोडता येतो, त्याला मर्यादा नाही. पण तो घरातला हवा. शेजारच्या शिकलेल्या पोराचा नंबर देऊ नका. पोरगा चांगला असतो हो, पण तो पुण्याला कंपनीत लागतो, आणि तुम्ही दर ओटीपीला त्याला फोन लावत बसता.

मशीनसमोर

ऑपरेटर आधार क्रमांक टाकतो, बदलायची गोष्ट म्हणून मोबाइल निवडतो, नवीन नंबर टाकतो आणि तुमचं बोट मागतो. इथे दोन ठिकाणी गाडी अडते.

पहिली अडचण बोटांची. कोयता धरणाऱ्या आणि कापूस वेचणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, वरून भेगा आणि काप. मशीन "जुळत नाही" म्हणत राहतं. जायच्या आदल्या रात्री हात कोमट पाण्याने धुवा, थोडं तेल लावा, आणि सकाळी ते साबणाने पूर्ण काढून हात कोरडे करून जा. तंबाखूचा चुना बोटावर राहू देऊ नका. अंगठ्याचाच हट्ट धरू नका. दहाही बोटं चालतात, आणि अंगठ्यापेक्षा मधलं बोट किंवा करंगळीशेजारचं बोट पुष्कळदा चांगलं निघतं, कारण त्याच्यावर कोयत्याचा भार कमी पडतो. काकूंचं तिसऱ्या बोटाला जुळलं.

तात्यांची दहाही बोटं नापास झाली. ऑपरेटर म्हणाला, "होत नाही, पुढच्या महिन्यात या." तात्या उठले असते, पण मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "डोळ्यानं व्हतंय का बघा की." डोळ्याचं यंत्र टेबलाखाली खोक्यात होतं. बाहेर काढलं, डावा डोळा जुळला नाही, उजवा जुळला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना डोळ्यानेही कधी कधी त्रास होतो, तेव्हा दोन्ही डोळे करून बघायला सांगा. चष्मा काढा, टक लावून बघा, पापणी हलू देऊ नका.

बोटं आणि डोळे दोन्ही जुळलेच नाहीत, तर बोटं-डोळे-फोटो सगळं नव्याने नोंदवावं लागतं. त्याची फी १२५ रुपये. त्यात एक फायदा आहे जो ऑपरेटर सहसा सांगत नाही. बोटं नव्याने नोंदवताना त्याच फॉर्मवर मोबाइल नंबरही बदलून घेतला तर त्याचे वेगळे ७५ लागत नाहीत. म्हणून "आधी बोटं करा, मोबाइलला परत या" असं म्हणाले तर थांबा आणि दोन्ही एकाच वेळी करा म्हणा.

दुसरी अडचण आपल्या भाषेची आहे, आणि तिने माझ्याच घरात घोळ घातला होता. आपण नंबर जोड्यांनी सांगतो: अठ्ठ्याण्णव, बावीस, एकोणऐंशी. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी एका केंद्रावर असाच नंबर सांगितला. त्यात एकोणनव्वद होता, ऑपरेटरने एकोणऐंशी ऐकलं. ८९ च्या जागी ७९ गेलं. पावती घरी आणून मी बघेपर्यंत दोन दिवस गेले, आणि वडिलांच्या आधारला कुठल्या तरी अनोळखी माणसाचा नंबर जोडला गेला होता. पुन्हा फी, पुन्हा रांग. तेव्हापासून मी प्रत्येकाला कागदावर मोठ्या अक्षरात दहा आकडे लिहून देतो. तो कागद ऑपरेटरसमोर ठेवायचा. बोलायचंच झालं तर एकेक आकडा सुटा म्हणायचा: नऊ, आठ, दोन, दोन. शेवटचं बटण दाबण्याआधी स्क्रीनवरचा नंबर स्वतः बघायचा. वाचता येत नसेल तर सोबतच्या माणसाकडून वाचून घ्यायचा.

पावती हातात आली की तिथल्या तिथे तीन गोष्टी तपासा. नाव तुमचं आहे का, मोबाइल नंबर बरोबर आहे का, आणि वर नोंदणीचा लांब क्रमांक, तारीख आणि वेळ स्पष्ट छापलंय का. शाई फिकी असते, महिन्यात उडून जाते. फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

वाट बघणे

नंबर त्याच क्षणी बदलत नाही. अर्ज वर तपासला जातो. त्याला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात असं सांगितलं जातं, पण मोबाइलचं काम माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा आठवड्याच्या आत होतं. झालं की नवीन नंबरवर मेसेज येतो. नवं कार्ड पोस्टाने येत नाही, त्याची वाट बघू नका.

मेसेज आला नाही तर `myaadhaar` वर `Check Enrolment & Update Status` उघडून पावतीवरचा क्रमांक टाका. किंवा सोपं म्हणजे पुन्हा `Check Aadhaar Validity` बघा. शेवटचे तीन आकडे बदललेले दिसले की काम झालं. काकूंचे आकडे चौथ्या दिवशी दिसले, तात्यांचे नवव्या. अर्ज नाकारला गेला असेल तर तेही तिथे दिसतं. मग पावती घेऊन त्याच केंद्रावर जा आणि कारण विचारा.

याच दिवसांत "घरबसल्या आधार नंबर बदलून देतो, ५०० रुपये आणि ही लिंक उघडा" असे फोन आणि मेसेज येतात. तुमची बोटं त्या माणसाकडे नाहीत, आणि तो मागतो ते आधार क्रमांक, बँकेचा तपशील आणि ओटीपी. फोन ठेवून द्या.

थांबायला वेळ नसेल तर

हप्त्याची तारीख जवळ आलीय आणि आधारचा नंबर अजून बदललेला नाही, असं झालं तर पीएम-किसानची ई-केवायसी ओटीपीशिवायही होते. एक तर आमच्यासारख्या केंद्रात बोट लावून. किंवा पीएम-किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून. चेहऱ्यासाठी फोनमध्ये `AadhaarFaceRD` हे दुसरं ॲपही लागतं, नाही तर पीएम-किसानचं ॲप पुढेच सरकत नाही. सावलीत उभं राहा, उजेड चेहऱ्यावर पडू द्या, डोक्यावरचं टापर काढा. तात्यांची केवायसी मी अशीच त्या नऊ दिवसांच्या मध्ये उरकली.

आणि एक गैरसमज काढून टाका. नंबर हरवला म्हणून हप्त्याचे २००० रुपये परत जात नाहीत. पैसे आधारला जोडलेल्या बँक खात्यात जातात, मोबाइलला नाही. हप्ता थांबला असेल तर कारण बहुधा ई-केवायसी, जमिनीची नोंद किंवा बँकेतली आधार जोडणी यांपैकी एक असतं. मोबाइल नंबर नसल्यामुळे ते आपल्याला कळत नाही एवढंच.

मग योजनांची खाती

आधारचा नंबर बदलल्यावर `pmkisan.gov.in` वर शेतकऱ्यांसाठीच्या भागात `Update Mobile Number` शोधा. नोंदणी क्रमांक किंवा आधार क्रमांक टाका. ओटीपी आता तुमच्या नव्या नंबरवर येतो, तो भरून योजनेतला नंबरही बदला. नोंदणी क्रमांक माहीत नसेल तर `Know Your Status` मध्ये `Know Your Registration No.` आहे, तिथे आधार क्रमांकावरून सापडतो. पहिल्या हप्त्याची पावती शोधायला कपाटं उपसू नका.

शेतकरी ओळख क्रमांक अजून काढलेला नसेल तर आता काढा. आधारचा ओटीपी येतोय म्हणजे मोठी अडचण गेली. मोबाइलच्या रकान्यात नवा नंबरच लिहा. सवयीने जुना लिहिणारे मी पाहिलेत. ओळख क्रमांक आधीच काढलेला असेल आणि त्यात जुना नंबर असेल, तर महाडीबीटीच्या शेती योजनांना अर्ज करताना तो आडवा येतो. तेव्हा अर्जाच्या शेवटच्या दिवसाची वाट न बघता आधीच केंद्रावर किंवा तलाठ्याकडे जाऊन तो बदलून घ्या.

डिजीलॉकरला मोबाइल नंबरऐवजी आधार क्रमांक टाकून आत जा, ओटीपी नव्या नंबरवर येईल, मग आतमध्ये प्रोफाइलमध्ये मोबाइल बदला. नव्या नंबरवर दुसरं खातं उघडू नका, नाही तर दहावीची मार्कशीट एका खात्यात आणि आधार दुसऱ्या खात्यात अशी पोरांची पंचाईत होते.

आपले सरकारच्या खात्यासाठी मात्र फार झटू नका, हे माझं मत. उत्पन्नाचा किंवा रहिवासी दाखला हवा असेल तर सेवा केंद्रातून अर्ज आमच्या लॉगिनने जातो, तुमचं जुनं खातं उघडावंच लागत नाही. फक्त अर्जावर नवा नंबर द्या.

बँक वेगळी

हे सगळं झाल्यावर तात्या म्हणाले, "आता बँकेचा बी झाला ना?" नाही झाला. बँकेतला नंबर आधारवरून बदलत नाही. पासबुक, आधार आणि शाखेतला अर्ज घेऊन बहुधा खातं असलेल्या शाखेतच जावं लागतं, आणि सही जुळली नाही तर तिथे वेगळी कसरत. तात्यांचं खातं गावापासून २० किलोमीटरवरच्या शाखेत. पेरणीच्या धांदलीत ते राहून गेलं. त्यामुळे त्यांच्या हप्त्याचा मेसेज अजूनही मुकादमाच्या फोनवर वाजतो, आणि पैसे जमा झाल्याचं तात्यांना तोच सांगतो. पोळ्याच्या आधी जाऊन या, असं मी त्यांना दोनदा सांगितलंय. दसऱ्यानंतर टोळी निघाली की ते पुन्हा पाच महिने व्हायचं नाही.

निघण्याआधी आणखी एक काम काकूंनी स्वतःच ठरवलंय. नवं सिम मुलाच्या फोनच्या दुसऱ्या कप्प्यात घालून ठेवायचं आणि अधूनमधून त्यावरून एक फोन लावायचा. शिल्लक २० च्या खाली जाऊ द्यायची नाही.